नाव कुणाचं, पत्रं कुणाची?

गेल्या वर्षी जुलैत लेकीच्या शाळेतून फर्मान आलं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, त्या पुराबद्दल घरातल्या मोठ्या माणसांना विचारून दोन पानं लिहून आणा. आता आमच्या घरात ते बघितलेलं मोठं माणूस एकच होतं, अण्णा, म्हणजे माझे वडील. ते 2009 साली गेले. पण मला पक्कं आठवत होतं की अण्णांनी पुराची सगळी हकिकत मला लिहिली होती. 2003 मध्ये मी कामासाठी जर्मनीत होतो, तेव्हा त्यांनी तीन हप्त्यांत ती ईमेलनं पाठवली होती. शनिवारी संध्याकाळी टिळक रोडवरच्या सायबर कॅफेत जायचं, तासाचे पैसे भरायचे आणि एका बोटानं रोमन लिपीत मराठी टाइप करायचं, असा त्यांचा नेम होता. ती पत्रं मी छापून घेतली नव्हती. कशाला घेऊ? इनबॉक्समध्ये होती ना!

लेकीला म्हटलं, "थांब, आत्ता काढून देतो." आणि जवळजवळ अठरा वर्षांनी मी माझ्या पहिल्यावहिल्या ईमेल खात्याचं दार वाजवलं.

ते खातं मी 2001 मध्ये उघडलं होतं. 2006 च्या आसपास जीमेल घेतलं, सगळ्यांना नवा पत्ता कळवला आणि जुन्याकडे फिरकलोच नाही. माझं खातं कुठल्या कंपनीचं होतं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झालं ते बऱ्याच ठिकाणी होऊ शकतं आणि मला भांडायचंही नाही.

तर मी नाव टाकलं. पुढच्या पानावर पासवर्ड विचारला. मला काय आनंद झाला! म्हणजे खातं आहे! मग आठवतील ते सगळे पासवर्ड टाकून झाले. त्या काळी माझे दोनच पासवर्ड होते, एक स्कूटरचा नंबर आणि दुसरा स्कूटरचा नंबर उलटा. दोन्ही चालेनात. शेवटी 'पासवर्ड विसरलो' वर टिचकी मारली, तर त्यानं सांगितलं की अमुक मोबाइलवर कोड पाठवतो, आणि त्या मोबाइलचे शेवटचे दोन आकडे दाखवले. ते आकडे माझ्या आजवरच्या कुठल्याच नंबरचे नव्हते. 2001 साली तर माझ्याकडे मोबाइलच नव्हता आणि खातं उघडताना तो कोणी विचारलाही नव्हता.

ते दोन आकडे बघितल्यावर मी खुर्चीत मागे टेकलो. माझ्या नावाच्या घरात दुसरंच कोणीतरी राहत होतं.

*

इथे जरा थांबून सांगतो, कारण हे ओळखण्यात मी एक पूर्ण रविवार घालवला आणि तुमचा जाऊ नये असं वाटतं. वापर नाही म्हणून काढून टाकलेल्या खात्याच्या मागे तीन गोष्टी घडलेल्या असू शकतात.

पहिली शक्यता अशी की खातं गेलं आणि नाव मोकळं सोडलं. लॉगिनच्या पानावर 'असं खातं सापडत नाही' येतं, आणि नवीन खातं उघडायला गेलात तर तेच नाव मिळतं. अशा वेळी ते लगेच घ्यावं. आत काहीही नसेल, जुनी पत्रं परत येणार नाहीत, नवा कोरा डबा मिळेल. पण निदान दुसरा कोणी ते नाव घेणार नाही.

दुसरी शक्यता अशी की खातं गेलं, पण नाव कुलूपबंद ठेवलं. लॉगिनला 'सापडत नाही' आणि नवीन उघडायला गेलात तर 'हे नाव उपलब्ध नाही'. दोन्ही उत्तरं एकत्र आली की माणूस गोंधळतो. नाही म्हणता आणि देतही नाही, हा काय प्रकार? पण त्याचा अर्थ साधा आहे. ते नाव आता कोणालाच मिळणार नाही, तुम्हालाही नाही.

तिसरी माझी. पासवर्ड विचारला जातो, पण परतीच्या वाटेवरचा फोन किंवा दुसरा ईमेल तुमचा नसतो. म्हणजे मधल्या काळात नाव मोकळं झालं आणि ते कोणी रीतसर घेतलं. क्वचित असंही असेल की खातं तुमचंच आहे आणि कोणी चोरून ताबा घेतलाय. पण चोराला आपल्याकडचे धागेदोरे हवे असतात, त्यामुळे तुमच्या ओळखीच्या लोकांना त्या पत्त्यावरून विचित्र पत्रं गेलेली असतात. तसं काहीच झालं नसेल तर नाव पुन्हा वाटलं गेलंय असंच समजावं.

खात्री करायला आणखी एक साधा उपाय आहे. त्या पत्त्यावर एक पत्र टाकून बघायचं. डबा नसेल तर काही मिनिटांत पत्र परत येतं आणि त्यात साधारण अशी ओळ असते:

```
550 5.1.1 User unknown
```

म्हणजे त्या पत्त्यावर कोणी नाही. पत्र परत आलं नाही तर बहुधा कोणीतरी आहे. 'बहुधा' अशासाठी की काही सर्व्हर नको असलेलं पत्र न कळवताच गिळून टाकतात.

माझं पत्र परत आलं नाही. चौथ्या दिवशी त्याला उत्तर आलं.

*

उत्तर पाठवणारा दुसऱ्या राज्यातला एक तरुण होता. त्याचं आडनाव वेगळं, पण माझ्या युजरनेममध्ये जी अक्षरं होती ती त्याच्या नावातही बसत होती. त्यानं सहा-सात वर्षांपूर्वी हे खातं उघडलं होतं. नाव मागितलं, मिळालं. त्याला काही कल्पनाच नव्हती की आधी कोणी तिथे होतं. मी जुन्या पत्रांबद्दल विचारलं तर म्हणाला, मला पहिल्या दिवशी डबा रिकामाच मिळाला होता.

ते अपेक्षितच होतं. कुठलीही कंपनी नाव दुसऱ्याला देताना आतला मजकूर देत नाही, तो आधी पुसलेला असतो. पण पत्राच्या शेवटी त्यानं जे लिहिलं होतं त्यानं मी हादरलो. सुरुवातीची दोन वर्षं त्याच्याकडे माझी पत्रं यायची. कॉलेजच्या बॅचची निमंत्रणं, एका विम्याच्या हप्त्याची आठवण, आणि दर महिन्याला एका बँकेचं स्टेटमेंट. 'मी उघडली नाहीत सर, डिलीट केली,' असं त्यानं लिहिलं होतं. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण तो सज्जन निघाला हा निव्वळ योग.

स्टेटमेंटला पासवर्ड असतो, असं तुम्ही म्हणाल. असतो की! आणि तो कसा बनवायचा ते त्याच पत्रात लिहिलेलं असतं: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारखेचे दिवस-महिना. नाव पत्राच्या मायन्यात असतं. जन्मतारीख कळायला वेळ लागला तर माझ्या वाढदिवसाला शुभेच्छांची पत्रं येतातच, तीही त्याच डब्यात.

आणि हे तर पाणी वरवरचं. खरी खोली पुढे आहे. बहुतेक सगळ्या ठिकाणी आपण 'पासवर्ड विसरलो' म्हटलं की नवा पासवर्ड करायची लिंक आपल्या ईमेलवर येते. म्हणजे ज्याच्या हातात ईमेल, त्याच्या हातात त्या ईमेलवर उघडलेल्या सगळ्या खात्यांची किल्ली. जुन्या पत्त्यावर उघडलेलं रेल्वेच्या तिकिटांचं खातं, एखादं शेअर्सचं, एखाद्या दुकानाचं... आपण जुनं ईमेल विसरतो, पण ती दुसरी खाती त्याला विसरत नाहीत.

*

हा धोका मला आत्ता कळला, जगाला 2013 मध्येच कळला होता. त्या वर्षी जूनमध्ये याहूनं जाहीर केलं की बारा महिने न वापरलेली नावं आम्ही मोकळी करणार आणि ज्यांना हवी त्यांना देणार. ज्यांना आपलं नाव ठेवायचं असेल त्यांनी 15 जुलैच्या आत एकदा लॉगिन करा. हेतू वाईट नव्हता. चांगली सुटसुटीत नावं कधीच संपली होती आणि नव्या माणसाला नावापुढे चार आकडे जोडून घ्यावं लागत होतं. याहूनं काळजीही घेतली. नाव रिकामं झाल्यावर काही दिवस त्या पत्त्यावरची पत्रं परत पाठवायची, म्हणजे पाठवणाऱ्यांना कळेल की इथे आता कोणी नाही, असं ठरवलं.

तरी सप्टेंबरात तक्रारी सुरू झाल्या. नाव घेतलेल्या नव्या माणसांना जुन्या माणसांची पत्रं येऊ लागली, त्यांत खाजगी माहिती असायची. मग याहूनं डब्यात 'हे पत्र माझं नाही' असं सांगायचं बटण दिलं. त्याच काळात याहू आणि फेसबुकच्या लोकांनी मिळून एक युक्ती काढली, ती पुढच्या वर्षी RFC 7293 या नावानं प्रसिद्धही झाली. पाठवणाऱ्यानं पत्रावर एक ओळ घालायची, जिचा अर्थ असा: 'हा पत्ता अमुक तारखेपासून याच माणसाकडे असेल तरच पत्र टाका, नाहीतर परत करा.' आपल्याकडे पोस्टमन पेठेतला जुना असला की तो बरोबर ओळखतो, 'हे पत्र आधीच्या भाडेकरूंचं दिसतंय.' तसंच हे.

युक्ती सुरेख आहे. पण ती चालायला पाठवणाऱ्यानं ती ओळ घालायला हवी आणि घेणाऱ्यानं ती वाचायला हवी. माझ्या बँकेच्या स्टेटमेंटवर ती ओळ असती आणि पलीकडे ती कोणी वाचली असती, तर त्या तरुणाच्या डब्यात ते पडलंच नसतं.

गूगलचा रस्ता वेगळा आहे. मे 2023 मध्ये त्यांनी सांगितलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू, आणि डिसेंबर 2023 पासून काढायला सुरुवातही केली. कारण सुरक्षिततेचं दिलं. सोडून दिलेल्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावलेली असण्याची शक्यता चालू खात्यांच्या मानानं निदान दहा पटीनं कमी असते, त्यामुळे ती फोडायला सोपी. पण काढलेल्या जीमेलचं नाव ते कोणालाही देत नाहीत. खुद्द पूर्वीच्या मालकालाही त्या नावानं नवं खातं उघडता येत नाही. खातं नुकतंच गेलं असेल तर accounts.google.com/signin/recovery वर जाऊन परत मागता येतं, आणि लवकर गेलात तर मजकुरासह मिळूही शकतं. उशीर झाला की मजकूर संपला आणि नावही कायमचं बंद.

यावर लोक रागावतात. 'माझंच नाव मला का नाही?' असं म्हणतात. मीही आधी तेच म्हटलं असतं.

*

आता माझं मत सांगतो. मला वाटतं, न वापरलेलं खातं काढून टाकणं समजण्यासारखं आहे. ते नाव दुसऱ्याला देणं मात्र समजण्यासारखं नाही.

जागा फुकट दिलेली, वर्षानुवर्षं कोणी येत नाही, कुलूप गंजलेलं, कोणीही फोडून आत शिरेल. असं घर मालकानं रिकामं केलं तर मी फार तर म्हणेन की नीट कळवायला हवं होतं. दुःख झालं तरी तक्रार करणार नाही. पण नाव म्हणजे जागा नाही. नाव हा पत्ता आहे, आणि तो मी शेकडो ठिकाणी लिहून दिलेला आहे. मी तो सोडला तरी ती शेकडो ठिकाणं त्याला धरून बसतात. त्यामुळे नाव पुन्हा वाटण्यानं कंपनीचा फायदा एवढाच की एका नव्या माणसाला आकडे जोडावे लागत नाहीत. आणि त्याची किंमत मोजतो तो जुना माणूस, ज्याला कोणी विचारलंही नाही.

मोबाइल नंबरांचं उदाहरण देऊन कोणी म्हणेल की नंबर तर पुन्हा देतातच. देतात. नंबरांची संख्या मर्यादित आहे, तिथे इलाज नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हाच प्रश्न आला होता. तेव्हा ट्रायनं सांगितलं की बंद झालेला नंबर निदान 90 दिवस कोणाला दिला जात नाही, आणि न्यायालयाचं म्हणणं पडलं की आपली माहिती आधी पुसायची काळजी ग्राहकानं घ्यावी. पण दहा आकड्यांच्या नंबराला मर्यादा आहे तशी अक्षरांच्या नावाला नाही. तिथे टंचाई फक्त सुंदर नावांची आहे, आणि तेवढ्यासाठी हा धोका पत्करू नये.

मग तो तरुण? ताई म्हणाली, "माग की त्याच्याकडून परत. चांगला मुलगा दिसतोय." मी नाही मागितलं. तो काही चोर नाही. त्यानं अर्ज भरला, त्याला नाव मिळालं, आता त्याची नोकरी, त्याची बँक, त्याचे मित्र सगळे त्या पत्त्यावर आहेत. मी मागणं म्हणजे माझ्यावर आलेली वेळ त्याच्यावर आणणं. कंपनीकडे जाऊन तरी काय उपयोग? खातं उघडताना आपण जे न वाचता 'मान्य' म्हणतो, त्यात वापरायची परवानगी मिळते, मालकी मिळत नाही. एखादी नोंदलेली व्यापारी खूण असेल तर तिच्या मालकाला दाद मागता येते. आपण साध्या माणसांनी 'आधी माझं होतं' म्हणून काही होत नाही.

मी त्याला एवढंच लिहिलं की यापुढे माझं काही आलं तर कळव. मग दोन संध्याकाळी बसून, जुना पत्ता कुठे कुठे दिला होता ते आठवून एकेक ठिकाणी बदलला. सात ठिकाणं निघाली. त्यातलं एक विम्याचं, ज्यात अजून पैसे आहेत.

*

पैशांवरून आठवलं. बँकेतलं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं कोणी विचारलं नाही तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. पण तिथे गेली तरी ती बुडत नाही. खातेदार किंवा त्याचे वारस नंतर कधीही बँकेत जाऊन मागू शकतात, बँकेनं ती द्यायची आणि निधीतून भरून घ्यायची. 2023 पासून तर अशा ठेवी शोधायला 'उद्गम' नावाचं पोर्टलही आहे. म्हणजे तीनशे रुपये विसरलात तर देश ते तुमच्यासाठी सांभाळून ठेवतो. वडिलांची पत्रं विसरलात तर दोन वर्षांत साफ.

मला वाटलं होतं, नव्या कायद्यात काहीतरी असेल. नोव्हेंबर 2025 मध्ये डेटा संरक्षणाचे नियम आले. मोठ्या सोशल मीडिया, खरेदी-विक्रीच्या आणि ऑनलाइन खेळांच्या कंपन्यांनी, माणूस तीन वर्षं फिरकला नाही तर त्याची माहिती पुसायची आणि पुसण्यापूर्वी निदान 48 तास आधी त्याला कळवायचं, असं त्यात आहे. हा भाग लागू व्हायला प्रसिद्धीपासून दीड वर्षाची मुदत ठेवली. दिशा लक्षात घ्या. कायदा पुसायला सांगतो, राखायला नाही. खाजगीपणाच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण ईमेल सेवा त्या यादीत नाहीत, आणि रिकाम्या झालेल्या नावाचं काय करायचं याबद्दल त्या नियमात शब्द नाही. शिवाय ते 48 तास! जो माणूस तीन वर्षं आला नाही त्याला कळवणार कुठे? बहुधा त्याच पत्त्यावर, जो त्यानं सोडून दिलाय.

माझी मागणी फार मोठी नाही. नाव एकदा एका माणसाला दिलं की ते दुसऱ्याला देऊ नये, एवढा एक नियम पुरे.

*

आता पत्रांचं. खात्यातला मजकूर पुसला गेला की तो कंपनीकडून परत मिळत नाही. पण पत्राला दोन टोकं असतात, हे मी विसरलो होतो. एका टोकाचा डबा गेला तरी दुसऱ्या टोकाचा असू शकतो.

दुसरं टोक म्हणजे अण्णांचं स्वतःचं खातं. त्यांच्या 'पाठवलेली' मध्ये ती तीनही पत्रं असणार. ते त्यांनी दुसऱ्याच एका कंपनीत उघडलं होतं. मी तिथे गेलो. 'असं खातं सापडत नाही.' नवीन उघडून बघितलं. 'हे नाव उपलब्ध नाही.' म्हणजे वर सांगितलेला दुसरा प्रकार. पत्र टाकलं, ते दोन मिनिटांत परत आलं. अण्णांचं खातं गेलं, पण त्यांचं नाव कोणाला दिलेलं नाही. ते परत आलेलं पत्र बघून मला चक्क बरं वाटलं. तिथे उद्या कोणी अनोळखी माणूस अण्णांच्या नावानं उत्तर देणार नाही.

मग तिसरं टोक शोधलं. ताई नागपूरला असते, तिचं 2004 चं जीमेल तिनं एक दिवसही बंद पडू दिलेलं नाही. मी 2005 मध्ये तिला अण्णांची पत्रं पुढे पाठवली होती का? तिला शोधाच्या चौकटीत माझा जुना पत्ता असा टाकायला सांगितला: `from:` आणि त्यापुढे लागूनच पत्ता. नुसतं 'पानशेत' शोधून काही सापडलं नसतं, कारण अण्णा रोमनमध्ये लिहायचे आणि एकदा Panshet तर एकदा Panset असं लिहायचे. माणसाच्या पत्त्यावरून शोधलं की स्पेलिंगची भानगड राहत नाही.

अर्ध्या तासानं तिचा फोन आला. मी अण्णांना दिलेलं एक उत्तर तिला पुढे पाठवलं होतं, आणि त्या उत्तराच्या खाली, त्या काळच्या सवयीप्रमाणे, मूळ पत्र जसंच्या तसं अडकलेलं होतं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तो बाणासारखा खुणेचा तिरका कंस. त्या उत्तराखाली पहिलं आणि दुसरं अशी दोन पत्रं होती. तिसरं नव्हतं.

तिसऱ्यासाठी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला. तेव्हा बरेच जण आउटलुक एक्सप्रेसवर पत्रं उतरवून घ्यायचे, त्याच्या dbx अशा शेवटाच्या फाइली डिस्कवर राहतात आणि आजही वाचता येतात. पण मी कायम ब्राउझरमध्येच पत्रं वाचायचो. काही निघालं नाही. मग 2005 च्या आसपासच्या बॅकअपच्या सीडी. दोन वाचल्या गेल्या, त्यात जर्मनीतले फोटो होते. तिसरी वाचलीच गेली नाही.

पहिल्या पत्रात अण्णांनी पाणी कसं चढत आलं ते लिहिलंय. दुसऱ्यात, दप्तर डोक्यावर घेऊन ते कोणाकोणाबरोबर उंचावर गेले ते. तिसऱ्यात पूर ओसरल्यावर घरी परत आल्याची हकिकत होती, एवढं आठवतं. चिखलाबद्दल काहीतरी होतं, आणि आजीबद्दल. काय होतं ते मला आता सांगता येत नाही.

लेकीनं दोन पत्रांवरून दोन पानं लिहिली. शाळेला तेवढीच हवी होती.

मी त्यानंतर केलं ते एवढंच. ताईच्या डब्यातली पत्रं कागदावर छापून घेतली, एक प्रत तिच्याकडे, एक माझ्याकडे. माझ्या जीमेलचा सगळा मजकूर टेकआउटमधून उतरवून दोन ठिकाणी ठेवला. आणि myaccount.google.com/inactive या पानावर जाऊन सांगून ठेवलं की मी इतके महिने फिरकलो नाही तर लेकीला कळवा आणि पत्रं तिच्या हवाली करा. हे काम दहा मिनिटांचं आहे, मी दहा वर्षं ते केलं नव्हतं.

आणि हो, तुमचंही एखादं 2001 चं खातं असेलच. आज रात्री त्याचं दार वाजवून बघा. उघडलं तर आत जा, सगळं बाहेर काढा. मग खातं बंद करू नका, नाव सोडू नका. वर्षातून एकदा, दसऱ्याला हत्यारं पुसतो तसं, तिथे लॉगिन करून या. आणि पासवर्ड विचारला गेला तर फार खूश होऊ नका. आधी त्या फोनचे शेवटचे दोन आकडे बघा.